पोस्टपेड सोडताना फायनल बिलाचा घोळ होऊ नये म्हणून

प्रश्न: माझा नंबर ९ वर्षांपासून एकाच कंपनीत पोस्टपेड आहे, ५९९ चा प्लॅन, बिल दर महिन्याच्या ७ तारखेला बनतं. बायकोचा नंबर त्यातच ऍड-ऑन आहे. आता दोघांनाही दुसऱ्या कंपनीत प्रीपेड म्हणून जायचंय, नंबर तेच ठेवून. आधी जुनं कनेक्शन बंद करायचा अर्ज द्यायचा का? मित्राला पोर्ट झाल्यावर महिन्याभराने आठशेचं बिल आलं आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, तसं व्हायला नको. सोलापूर, जुळे सोलापूर भाग.

उत्तर:

सगळ्यात आधी एक गोष्ट, बंद करायचा अर्ज अजिबात देऊ नका. मी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये बिलिंग काउंटरला ८ वर्षं बसलोय आणि आता पार्क चौकाजवळ स्वतःचं मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळे हा प्रकार दर दोन-तीन महिन्यांनी बघतो. माणूस शहाणपणा करून आधी जुन्या कंपनीला सांगतो की माझं कनेक्शन बंद करा, ते बंद करतात, आणि मग हा आमच्याकडे येतो की आता नंबर पोर्ट करून द्या. बंद झालेला नंबर पोर्ट होत नाही हो. पोर्ट म्हणजे चालू नंबर एका घरातून दुसऱ्या घरात जाणं. तो गेला की जुन्या कंपनीतलं कनेक्शन आपोआप बंद होतं, वेगळा अर्ज लागत नाही. बंद केलेला नंबर काही काळाने दुसऱ्या माणसाला दिला जातो, आणि तुमच्या ९ वर्षांच्या नंबरवर बँक, आधार, गॅस सगळं जोडलेलं असणार, तेव्हा ते धाडस नको.

आता मित्राचं आठशेचं बिल. ते फसवणूक असेलच असं नाही, बहुतेक वेळा ते गणित आधीपासून तिथंच असतं, फक्त माणसाला दिसत नाही. पोर्टचा कोड मिळण्याआधी जी तपासणी होते त्यात एक अट अशी की आत्तापर्यंत जी बिलं बनलेली आहेत ती भरलेली पाहिजेत. म्हणजे बनलेली बिलं. पण शेवटचं बिल बनल्या दिवसापासून नंबर जाईपर्यंत जे भाडं आणि वापर झालाय त्याचं बिल अजून बनलेलंच नसतं ना, मग ते कोण अडवणार. तपासणी पास होते, कोड येतो, नंबर जातो, माणूस म्हणतो की थकबाकी शून्य होती म्हणूनच तर सोडलं, विषय संपला. आणि पुढच्या बिलाच्या तारखेला ते उरलेलं शेपूट बिल म्हणून बाहेर पडतं. तेच फायनल बिल. ते येणारच, शंभर टक्के, फक्त किती येणार आणि ते तुम्हाला दिसणार का, हे दोनच प्रश्न आहेत.

किती येणार हे तुमच्या बिलात भाडं आगाऊ लावलंय की मागाहून, यावर आहे. मागच्या महिन्याचं बिल काढा आणि त्यात प्लॅनचं भाडं लिहिलेली ओळ बघा, तिथं कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचं भाडं आहे ते छापलेलं असतं. ७ जूनला बनलेल्या बिलात ७ मे ते ६ जून लिहिलं असेल तर भाडं मागाहून, म्हणजे आधी वापरा मग भरा. ७ जून ते ६ जुलै लिहिलं असेल तर आगाऊ. दुसरी खूण म्हणजे अगदी पहिलं बिल आठवा, नवीन घेतलं तेव्हा पहिलंच बिल दीड-दोन महिन्यांचं आलं होतं आणि तुम्ही तावातावाने स्टोअरला गेला होतात का? तसं असेल तर आगाऊवालं. माझ्या काउंटरला त्या पहिल्या बिलावर इतकी भांडणं झालीत की मी नवीन पोस्टपेड देतानाच कागदावर पेनाने लिहून द्यायला लागलो होतो.

आता तुमचंच उदाहरण घेऊ. भाडं ५९९, त्यावर १८ टक्के जीएसटी १०७ रुपये ८२ पैसे, मिळून ७०६ रुपये ८२ पैसे, आपण ७०७ धरू. समजा भाडं मागाहून आहे. लोक काय करतात, ७ ला बिल येतं, ते बघून डोकं फिरतं, ९ ला बिल भरतात, १० ला पोर्टला टाकतात, १३ ला नवीन सिम चालू. स्वच्छ वाटतं ना? पण ७ ते १३ असे ७ दिवस जुन्या कंपनीच्या खात्यात राहिले. कंपनी दिवसांच्या हिशोबाने आकारत असेल तर ५९९ भागिले ३० गुणिले ७, म्हणजे १४० च्या आसपास, जीएसटी धरून १६५ रुपये. ठीक आहे, द्यायला हरकत नाही. पण तुमच्या प्लॅनच्या अटीत अर्ध्या महिन्याचं भाडं कापून मिळणार नाही असं असेल तर त्याच ७ दिवसांचे ७०७ लागतात. त्यात एखादं चालू राहिलेलं ऍड-ऑन आणि उशिराचा दंड मिळवा की तुमच्या मित्राचा आकडा तयार होतो. म्हणजे बिल आल्यावर चिडून जाणं ही सगळ्यात महाग वेळ आहे.

मी काय सांगतो, बिलाच्या तारखेच्या आधी जा. तुमचं चक्र ७ ते ६ आहे, तर नवीन सिम ४ किंवा ५ तारखेला चालू होईल असं धरून उलटं मोजा. एकाच सर्कलमध्ये पोर्टला ३ कामाचे दिवस लागतात, यात रविवार आणि सरकारी सुट्टी धरत नाहीत. म्हणजे १ तारखेला अर्ज टाकला तर ४ च्या आसपास होतं, मध्ये रविवार आला तर एक दिवस आधी टाका. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत संक्रांतीची सुट्टी मध्ये येते आणि लोक दुकानात येऊन भांडतात की तीन दिवस झाले, अहो पण कामाचे तीन दिवस. तर असं गेलात की जुनं भाडं जवळजवळ पूर्ण महिन्याचं वापरून झालेलं असतं. फायनल बिल सातशेच्या आतबाहेर येईल, ते तसंही द्यायचंच होतं, फुकट गेलेला दिवस एखाददुसरा. आणि नवीन प्रीपेड पॅकची मुदतही त्याच दिवसापासून सुरू, दोन्हीकडे एकाच वेळी भाडं भरणं होत नाही.

भाडं आगाऊ असेल तरी हाच मुहूर्त बरा. ७ मे च्या बिलात ६ जूनपर्यंतचे पैसे गेलेलेच आहेत, तुम्ही ४ जूनला निघालात, तर फायनल बिलात फक्त प्लॅनबाहेरचा वापर असेल तो येतो, काही नसेल तर शून्य. इथं धोका उलट आहे, पोर्ट लांबून ८ तारखेवर गेलं तर ७ ला पुढच्या अख्ख्या महिन्याचं भाडं लागलेलं बिल बनतं, आणि मग ते न वापरलेल्या दिवसांचं परत मागत बसावं लागतं. म्हणून आगाऊवाल्यांनी अजून दोन दिवस मोकळे ठेवून टाकावं, २८-२९ तारखेला.

हे दिवसांच्या हिशोबाने कापतात की नाही ते मात्र आधी लिहून घ्या. कस्टमर केअरला फोनवर विचारलं तर पोरगं हो सर म्हणून मोकळं होतं. कंपनीच्या ऍपमधल्या चॅटवर किंवा ईमेलवर असं विचारा: माझा नंबर अमुक, बिल सायकल ७ तारीख, मी मध्येच पोर्ट केलं तर फायनल बिलात भाडं वापरलेल्या दिवसांचं लागेल का पूर्ण महिन्याचं, आणि सोडताना दुसरा काही चार्ज आहे का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण काही प्लॅन वर्षाच्या करारावर सवलतीत दिलेले असतात किंवा हँडसेट जोडून दिलेला असतो, तो करार पूर्ण केला नाही तर सवलत परत मागतात. करारात बाहेर पडायची अट असेल आणि ती पाळलेली नसेल तर पोर्टच नाकारलं जाऊ शकतं. उत्तर आलं की स्क्रीनशॉट.

आणि स्क्रीनशॉटवरून आठवलं, यावर जरा जास्तच सांगतो कारण माझं स्वतःचं पोळलंय. घरचा एक नंबर, सासऱ्यांचा, मीच पोर्ट केला. बिल भरलेलं, कोड आला, तिसऱ्या दिवशी नवीन सिम चालू, मी म्हटलं आपण तर यातलेच, आपल्याला कोण सांगणार. चार महिन्यांनी त्यांना वसुलीचा फोन, ३१८ रुपये बाकी आणि वर दंड. बिल गेलं कुठं? तर खात्यावर जो ईमेल होता तो मेव्हण्याच्या जुन्या ऑफिसचा, बंद पडलेला. ऍप उघडायला गेलो तर लॉगिनच होत नाही, कारण लॉगिन नंबरवर ओटीपी पाठवून होतं आणि तो नंबर आता त्यांच्याकडे नाहीच म्हणतं. जुनी बिलं बघता येईनात, खाते क्रमांक माहीत नाही. १९८ लावलं तर नवीन कंपनीचा माणूस बोलतोय, कारण १९८ ज्या सिमवरून लावाल त्याच कंपनीला लागतं. शेवटी शेजाऱ्याच्या त्या कंपनीच्या सिमवरून लावलं, आणि पत्त्याचा पुरावा घेऊन स्टोअरला गेलो तेव्हा कुठं बिल हातात पडलं. ३१८ रुपयांसाठी दोन दुपारी गेल्या.

म्हणून पोर्टचा मेसेज पाठवायच्या आधी, नंबर जुन्या कंपनीत असतानाच, ऍपमधून शेवटची तीन-चार बिलं पीडीएफमध्ये उतरवून घ्या. बिलावर वरच्या बाजूला खाते क्रमांक असतो, तो मोबाइल नंबरपेक्षा वेगळा असतो, तो वहीत लिहून ठेवा. पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीत तुमची ओळख म्हणजे तोच क्रमांक. ईमेल आणि बिलाचा पत्ता आत्ताचा करून घ्या आणि बदल झाल्याचा मेसेज येईपर्यंत थांबा. त्याच बैठकीत ऍपमधली सगळी चालू ऍड-ऑन बघून बंद करा, ओटीटीचं एखादं महिन्याचं, कॉलर ट्यून, फॉरेन ट्रिपला घेतलेलं इंटरनॅशनल रोमिंग. सुरू असलेल्या असल्या सेवा कळायला आणि बंद करायला १५५२२३ हा नंबर सगळ्या कंपन्यांना लागतो. आणि कधी आयएसडी किंवा रोमिंगसाठी डिपॉझिट भरलं होतं का ते बिलावर बघा, असेल तर ते फायनल बिलात वळतं करा असं त्याच ईमेलमध्ये लिहून टाका. न मागता ते वळतं होतंच असं मी तरी बघितलेलं नाही.

आता प्रत्यक्ष पोर्ट. थकबाकी शून्य करा, ड्यू डेट अजून गेली नसली तरी बनलेलं बिल आधी भरा, आणि ऍपमध्ये शून्य दिसायला लागल्यावरच मेसेज पाठवा. भरल्या भरल्या पाच मिनिटांत पाठवला तर कधीकधी पैसे खात्यात चढलेले नसतात आणि नकार येतो. मेसेज असा, तुमचा दहा आकडी नंबर टाकून, त्याच सिमवरून:

```
PORT 98XXXXXXXX
```

हा `1900` वर पाठवायचा. सगळं ठीक असेल तर ८ अक्षरांचा यूपीसी कोड येतो, आपल्या महाराष्ट्रात तो ४ दिवस चालतो. नसेल तर नकाराचं कारण येतं, ते वाचा. १६ डिसेंबर २०१९ पासून तपासणी कोड देण्याआधीच होते, आधी कोड मिळायचा आणि चार दिवसांनी रिजेक्ट व्हायचं, ती कटकट गेली. नकाराची नेहमीची कारणं म्हणजे बिल बाकी, या कंपनीत ९० दिवस झालेले नाहीत, किंवा नंबर दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज चालू आहे. आणि १ जुलै २०२४ पासून अजून एक, सिम हरवलं किंवा खराब झालं म्हणून बदलून घेतलं असेल तर ७ दिवस कोड मिळत नाही. परवाच एक जण आला, सिम जुनं झालंय म्हणून आदल्या दिवशी बदलून घेतलं होतं, पोर्ट सोपं जाईल म्हणून! आठवडा थांबावं लागलं, तोवर बिलाची तारीख उलटली.

कोड फोनवर कुणालाही सांगायचा नाही, कंपनीतून बोलतोय म्हणाला तरी. तो फक्त नव्या कंपनीच्या दुकानात अर्ज भरताना.

तुम्ही सोलापूरला राहता पण नंबर कुठला आहे ते बघा. आपण महाराष्ट्र आणि गोवा सर्कलमध्ये येतो, मुंबई वेगळं सर्कल आहे. मुंबईत नोकरीला असताना घेतलेला नंबर इथं पोर्ट करायचा असेल तर ३ नाही, ५ कामाचे दिवस धरा. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या लोकांचे विजापूर-इंडीला घेतलेले कर्नाटकचे नंबर असतात, त्यांनाही तेच. तुमची उलटी मोजणी त्यावरून बदलेल.

अर्ज टाकल्यावर कधी होणार त्याचा मेसेज येतो. जुनं सिम फोनमध्येच राहू द्या, नेटवर्क गेलं की नवीन टाका. मधला बंद काळ जास्तीत जास्त चारेक तासांचा आणि बहुतेक रात्रीचा असतो. बँकेचं किंवा यूपीआयचं तातडीचं काही असेल तर ते आदल्या दिवशी उरका, नवीन सिमवर यूपीआय ऍप परत नोंदणी मागतं. मन बदललं तर अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत त्याच `1900` वर `CANCEL` आणि पुढे नंबर पाठवून थांबवता येतं, म्हणजे जुन्या कंपनीवाल्यांनी तेवढ्यात फोन करून चांगली ऑफर दिली तर. ते करतातच, कोड मागितला की तासाभरात फोन येतो. ऑफर घ्यायची तर मेसेजवर लिहून मागा, फोनवरची ऑफर बिलात दिसत नाही हा माझा काउंटरचा अनुभव.

वहिनींच्या नंबरचं वेगळं सांगतो कारण इथंच सगळे फसतात. ऍड-ऑन नंबर तुमच्या खात्याला लोंबकळलेला आहे. तुम्ही एकटे मुख्य नंबर घेऊन निघालात तर तो मागे राहतो, आणि काही कंपन्या त्याला स्वतंत्र पोस्टपेड प्लॅनवर टाकतात, पूर्ण भाड्याने. आमच्या दुकानात एक यंत्रमागवाले मालक आले होते, स्वतःचा नंबर पोर्ट केला, मुलाचा ऍड-ऑन पोरगं पुण्याला आहे म्हणून दिवाळीला आल्यावर करू म्हणून ठेवला. दोन महिने त्या एका नंबरचं वेगळं भाडं लागत होतं आणि बिल जात होतं मालकांच्या जुन्या ईमेलवर. तेव्हा दोन्ही नंबर एकाच दिवशी टाका. मेसेज मात्र ज्या त्या सिमवरूनच पाठवायचा, तुमच्या फोनवरून त्यांचा नंबर टाकून चालत नाही. दोघांचं बिल एकच असल्याने ते भरलेलं नसेल तर दोघांनाही कोड मिळणार नाही.

आणि तो नंबर नावावर कुणाच्या आहे? ऍड-ऑन बहुतेक वेळा मुख्य माणसाच्याच नावावर असतो. पोर्ट करताना नव्या कंपनीत कागद त्याच माणसाचे लागतात, म्हणजे दुकानात तुम्हाला स्वतःला यावं लागेल, दोन्ही नंबरांसाठी. वहिनींच्या आधारवर परस्पर पोर्ट केला तर नाव जुळत नाही. त्यांच्या नावावर करायचा असेल तर ते पोर्टच्या बरंच आधी किंवा पोर्ट होऊन गेल्यावर, मध्ये नको, कारण नाव बदलायचा अर्ज चालू असताना कोड मिळत नाही हे वर सांगितलंच.

नंबर गेला, आता फायनल बिलाची वाट बघा. ते तुमच्या नेहमीच्या चक्रानेच बनतं, म्हणजे ४ ला गेलात तर ७ च्या आसपास. आलं नाही म्हणजे सुटलो असं नाही, १५ तारखेपर्यंत ईमेलमध्ये काही दिसलं नाही तर खाते क्रमांक घेऊन स्वतः विचारा. आल्यावर तीन गोष्टी बघा, भाडं कुठल्या तारखेपर्यंत लावलंय, तुम्ही बंद केलेलं ऍड-ऑन त्यात आहे का, आणि डिपॉझिट वजा झालंय का. भाड्याची शेवटची तारीख पोर्ट झाल्या दिवसाच्या पुढची असेल तर तिथंच बोट ठेवायचं.

भरताना एक गंमत होते. पेमेंट ऍपमध्ये तुम्ही मोबाइल नंबर टाकता, ऍप नंबर बघून म्हणतं की ही तर नवीन कंपनी, आणि घाईत तिथंच पैसे जातात. जुनी बाकी तशीच. जुन्या कंपनीचं नाव पोस्टपेडच्या यादीतून हाताने निवडा, बिलाची रक्कम समोर येते का बघा, पैशापर्यंत जुळली तरच भरा. जुळत नसेल किंवा नंबर सापडत नाही म्हणत असेल तर ईमेलमधल्या बिलातल्या लिंकवरून किंवा सरळ त्यांच्या स्टोअरला, पावतीवर खाते क्रमांक छापून घ्या. मग एक ओळीचा ईमेल टाका की फायनल बिल भरलं, बाकी शून्य असल्याचं लेखी कळवा. ते उत्तर जपून ठेवा, पाच वर्षं सुद्धा.

ऑटोपेबद्दल दोन मतं आहेत. काही जण म्हणतात ते चालू ठेवा, फायनल बिल आपोआप जाईल. मी म्हणतो पोर्टच्या आधीच काढा आणि फायनल बिल हाताने भरा. वाद असला तर पैसे तुमच्या खिशात असलेले बरे. कापायच्या २४ तास आधी सूचना येते हे खरं, पण ती कोण वाचतो. फक्त लक्षात ठेवा, ऑटोपे नंबरला नाही तर यूपीआयला किंवा कार्डाला चिकटलेलं असतं, नंबर गेला म्हणून ते मरत नाही. यूपीआय ऍपमध्ये मॅन्डेटच्या यादीत जाऊन रद्द करा, कार्डावर असेल तर बँकेकडून.

फायनल बिल नाहीच भरलं तर काय? लोकांना वाटतं, आता कंपनी सोडली, काय करणार. नियमात अशी सोय आहे की जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवते की या नंबरची आमची बाकी आहे, आणि मग नव्या कंपनीकडून तुमचाच चालू नंबर बंद केला जाऊ शकतो. सूचनेचा मेसेज येतो, तो जाहिरात समजून उडवू नका. दीड-दोनशे रुपयांसाठी नंबर धोक्यात घालण्यात काही अर्थ नाही, रक्कम बरोबर असेल तर गुपचूप भरून टाका.

रक्कम चूक असेल तर मात्र भरायच्या आधी लेखी तक्रार. जुन्या कंपनीच्या ईमेलवर किंवा दुसऱ्या कुणाच्या त्या कंपनीच्या सिमवरून १९८ वर, आणि तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. चूक नाही असं उत्तर आलं किंवा उत्तरच आलं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे ३० दिवसांच्या आत अपील, याला फी नाही. ट्रायला पत्र लिहून उपयोग नाही, ते एकेकट्याच्या तक्रारी घेत नाहीत. दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर टाकता येते आणि शेवटचा रस्ता म्हणजे आपलं जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी कंपन्यांचे वकील म्हणायचे की टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चालतात असं सांगून तो विषय संपवला. वसुलीवाल्याचा फोन आला तर त्याच्याशी हुज्जत नको आणि त्याने पाठवलेल्या कुठल्याही लिंकवर पैसे तर नकोच. बिलाची प्रत ईमेल करा आणि डॉकेट नंबर लिहून घ्या, एवढं सांगून फोन ठेवायचा.

तुमच्या तारखा पाहता आज-उद्या मागचं बिल काढून त्या भाड्याच्या ओळीतल्या तारखा बघा आणि मुख्य नंबर, ऍड-ऑन दोन्ही कुणाच्या नावावर आहेत ते ऍपमध्ये तपासा. बिलात आगाऊ दिसलं तर २८ ला, मागाहून दिसलं तर १ ला दोन्ही फोन आणि तुमचं मूळ आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा, सकाळी गेलात तर बरं, दुपारनंतर सर्व्हर रडतो.